एक वाटी लिंबूपाणी

राजाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत अप्पासाहेबांची प्लेटिंगची शेड आहे. नळाच्या तोट्या, बिजागऱ्या, दाराच्या कड्या यांवर तिथे चकाकी चढवतात. चकाकी चढवण्यात अप्पासाहेब मूळचेच हुशार. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी या कन्नड मुलखात आलेलं आपलं मराठी घराणं, आपलं रसायनशास्त्र, आपल्या ओळखी, सगळ्यावर त्यांनी ती चढवून ठेवली आहे. मी बावीस वर्षं तिथे माल रवाना करायचं काम करतो आणि बावीस वर्षं मान डोलावतो, तेव्हा माझ्याबद्दलही फार चांगलं मत करून घेऊ नका.

जमनाबाई माझ्याही आधीपासून आहेत. सुटे भाग तारेने रॅकवर बांधायचे, रॅक टाकीत सोडायचे, काढून धुवायचे, हे त्यांचं काम. त्यांचा डावा डोळा पांढरा आहे. पाहुणे आले की अप्पासाहेब सांगतात, मोतीबिंदू, वेळेवर दाखवलं नाही, ही माणसं अशीच अडाणी. जमनाबाई तेव्हा समोरच रॅक बांधत असतात. अठरा वर्षांपूर्वी त्या डोळ्यात कॉस्टिक, म्हणजे माल धुवायचा जहाल सोडा, उडालं होतं, हे शेडमधल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. आम्ही सगळे तेव्हाही मान डोलावत होतो.

गेल्या आयुधपूजेची गोष्ट. सकाळी शेड धुऊन काढली. यंत्रांना केळीचे खांब बांधले, हळद-कुंकू लावलं, टेम्पोच्या चाकांखाली ठेवायला टोपलीभर लिंबं आणली. भिंतीला डोळे धुवायचं एक हिरवं यंत्र आहे, तपासणीवाल्यांना दाखवायला आणलेलं. त्याला पाण्याची नळी जोडायची चार वर्षं राहून गेली होती, पण झेंडूचा हार मात्र त्यालाही घातला. संरक्षक चष्मे खुंटीवर होते, त्यांच्या काचांवरही कुंकवाची बोटं ओढली. देवाला दाखवायला आमच्याकडे सगळं असतं.

पूजा झाल्यावर अप्पासाहेबांचा मुलगा यशोवर्धन पुढे झाला. पुण्याहून व्यवस्थापनाची पदवी घेऊन आलेला, त्यामुळे हाताने काही करायची त्याला फार हौस. सुट्या भागांवरचं तेल काढायची नवी टाकी भरायची होती, तिचा मुहूर्त त्यानेच करायचा असं ठरलं. कॉस्टिकच्या पांढऱ्या पापड्या थंड पाण्यात थोड्या थोड्या सोडत ढवळायच्या असतात. यशोवर्धनने पापड्यांचं आख्खं पोतं आधी टाकीत ओतलं आणि वरून गरम पाण्याची बादली रिती केली. मालकाच्या मुलाला कोण सांगणार? जमनाबाई मात्र "अण्णा, थांबा" म्हणाल्या, आणि त्याच वेळी टाकी फुसकन उसळली.

तो उजवा डोळा दाबून खाली बसला आणि डोळा चोळायला लागला. ओरडण्यासारखं काही त्याच्यात उरलंच नव्हतं, नुसता कण्हत होता.

अप्पासाहेबांचं रसायनशास्त्र ताबडतोब जागं झालं. जमिनीवर ऍसिड सांडलं की आम्ही सोडा टाकतो, सोडा सांडला की पातळ ऍसिड, हे त्यांच्या विद्येचं आदि आणि अंत. पूजेचं एक लिंबू कापून त्यांनी वाटीभर पाण्यात पिळलं आणि मुलाकडे धावले. कॉस्टिकला लिंबानेच मारायचं, मी हे आधी केलेलं आहे, असं सांगत सुटले. मायेपोटी धावत होते यात शंका नाही, पण मूर्खपणा मायेने पातळ होत नाही.

जमनाबाईंनी आडवा हात घातला.

"अप्पा, लिंबू टेम्पोच्या चाकाखाली ठेवा."

बावीस वर्षांत मी त्या शेडमध्ये ऐकलेलं हे पहिलं खरं वाक्य. त्यांनी यशोवर्धनचे हात डोळ्यावरून काढले, त्याला बोअरच्या नळाखाली नेलं, मान उजवीकडे कलती केली, म्हणजे वाईट पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही. धार बारीक केली आणि दोन बोटांनी पापण्या फाकवून धरल्या. तो झटके देत होता. "जळू दे, पण उघडा धरा. वर बघा. आता खाली बघा," एवढंच त्या सांगत राहिल्या. पहिल्या दोन मिनिटांत त्याची कॉन्टॅक्ट लेन्स आपोआप वाहून बाहेर आली.

पाच मिनिटांनी अप्पासाहेबांनी गाडी काढायला सांगितली. हेब्बाळच्या मोठ्या इस्पितळात त्यांचे कोणी विश्वस्त ओळखीचे होते. शहर ओलांडून, सणाच्या गर्दीतून, तासभर. तिथे कसं सगळं साहेबी असतं, हे ते त्याही वेळी सांगत होते. जमनाबाईंनी मान वर न करता सांगितलं की अजून स्वल्प थांबायचं, अर्धा तास पाणी, मग पलीकडच्या रस्त्यावरचं डोळ्यांचं इस्पितळ, आणि आजच, उद्या सकाळी नाही. मग मला म्हणाल्या, "गुंडो, पोत्यावरचं लेबल फाडून घे. डॉक्टरला दाखवायला लागेल."

मी फाडलं. आयुष्यात एकदा वेळेवर काही केलं. अप्पासाहेब हातात वाटी घेऊन अर्धा तास उभे राहिले.

रिक्षात जमनाबाई बाटलीने पाणी सोडतच होत्या. अप्पासाहेब मागून गाडीने आले. इस्पितळात लेबल दाखवताच त्याला रांगेशिवाय आत घेतलं. तरुण डॉक्टरीणबाई होत्या, रक्षिता नावाच्या. त्यांनी डोळ्यात सोडा किती उरलाय ते रंगाने दाखवणारी कागदाची पट्टी लावून पाहिली, सुन्न करणारे थेंब घातले, सलाइनने पुन्हा धुवायला घेतलं. वरची पापणी उलटी करून कापसाच्या काडीने एक पांढरा कण काढला. कॉस्टिकची पापडीच, आत दडून जाळत बसलेली. पुन्हा पट्टी, पुन्हा सलाइन, पट्टीचा रंग ठीक होईपर्यंत.

सगळं आवरल्यावर त्या बाहेर आल्या. बुबुळावर भाजलंय, काही दिवस रोज यावं लागेल, पण नजर बहुधा वाचेल, असं म्हणाल्या. त्यांना एकच विचारायचं होतं: तिथे कोणी धुतलं?

अप्पासाहेबांनी घसा खाकरला. आमच्याकडे सुरक्षेची पूर्ण व्यवस्था आहे, असं काहीतरी कन्नडमध्ये सुरू केलं. आत खाटेवर पडलेला यशोवर्धन म्हणाला, अक्कांनी.

डॉक्टरीणबाई जमनाबाईंकडे वळल्या. त्या अर्ध्या तासानेच डोळा वाचवलाय, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांची नजर पांढऱ्या डोळ्यावर गेली, आणि हेसुद्धा असलंच काही का, असं त्यांनी विचारलं.

"कॉस्टिकच."

"किती वेळ धुतला होता?"

जमनाबाईंनी ओल्या पदराने हात पुसले.

"एक वाटी," त्या म्हणाल्या. "लिंबू पिळून. मग घरी पाठवलं, सकाळी बघू म्हणून."

कोणी विचारलं नाही की पाठवलं कोणी. यशोवर्धन खाटेवर उठून बसला आणि उघड्या असलेल्या एका डोळ्याने वडिलांकडे पाहत राहिला. माझ्याकडेही पाहिलं. मान डोलावण्याची बावीस वर्षांची सवय, पण तेव्हा मला ती हलवता आली नाही. अप्पासाहेबांनी हात पाठीमागे नेले. त्यांच्या बोटांना अजून लिंबाचा वास येत होता.