विसळलेली बाटली

अकरा वर्षं घरी बसल्यावर मी पुन्हा दूध संघाच्या शीतकरण केंद्रात रुजू झाले, तेव्हा माझा जीव पहिल्या दिवसापासून टांगणीला लागला होता. लग्नानंतर काही वर्षं मी याच प्रयोगशाळेत काम केलं होतं. मग मुलं, सासूबाईंचं आजारपण, आणि नोकरी सुटली ती सुटलीच. आता संघाने आमच्यासारख्या बायकांसाठी योजना काढली होती: सहा आठवडे उजळणीचं प्रशिक्षण, रुजू कधी व्हायचं ते आपण ठरवायचं, आणि तेवढे दिवस सातऐवजी नऊला आलं तरी चालेल. शेवटी मूल्यमापन, आणि त्यावर पक्कं काम. दुष्काळ होता. गल्लीत टँकर एक दिवसाआड आठच्या सुमाराला यायचा. नऊची सवलत नसती तर मी अर्जच केला नसता.

शिकवणारी मुलगी माझ्यानंतर लागलेली. मला ताई म्हणायची आणि चुका मात्र न लाजता दाखवायची. आमच्या वेळच्या आम्लाच्या नळ्या जाऊन आता यंत्र आलं होतं. दूध ठेवलं की फॅट, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ, आणि मिसळलेलं पाणी मिनिटभरात समोर. मला ते यंत्र आवडत नव्हतं. मी हळू आहे हे ते सगळ्यांदेखत सांगत असल्यासारखं वाटायचं. म्हणून मी घाई करायची.

मूल्यमापनाला चार दिवस उरले होते. चारा छावणीत दोन म्हशी घेऊन राहिलेली एक बाई रोज थेट आमच्या खिडकीवर दूध घालायची. त्या दिवशी यंत्राने तिच्या दुधात पाणी दाखवलं. महिन्यापूर्वी एकदा तसं निघालं होतं. दुसऱ्यांदा निघालं की महिनाभर दूध बंद, हा केंद्राचा नियम. मी तो तिला वाचून दाखवला, जरा ऐटीतच.

"पेयाला पाणी न्हाई आमाला, दुधात कुठून घालू?" ती म्हणाली. "पुन्हा बघा की, बाई."

"यंत्र खोटं बोलत नाही," मी म्हणाले. ती कॅन उचलून गेली.

दुपारी बाटल्या आवरताना एक बाटली उलटी केली आणि मनगटावर पाणी ओघळलं. नमुन्याची बाटली कोरडी हवी. ओली असली तर ज्याचं तपासायचं त्याच दुधाने आधी विसळायची आणि ते दूध टाकून द्यायचं. हे मला नवीन नव्हतं, मीच एके काळी इतरांना शिकवलेलं. पण अकरा वर्षं घरात मी दुधाचा घोट कधी टाकला नव्हता, आणि त्या उन्हाळ्यात विसळलेलं पाणीही बादलीत साठवत होते. केंद्रावरही तशाच बादलीत मी बाटल्या बुडवत होते, आणि निथळू न देता, दुधाने न विसळता वापरत होते. छोट्या बाटलीत तेवढं पाणी पुष्कळ होतं.

कुणी पाहिलं नव्हतं. खरं सांगते, गप्प बसायचं मी ठरवलंही होतं. संध्याकाळी स्वयंपाक करताना दोनदा भाकरी करपली, मुलांवर उगाच ओरडले. दुसऱ्या दिवशी टँकर चुकवून सातलाच केंद्रावर गेले. ती बाई येणार नव्हती हे माहीत असूनही खिडकीतून रस्ता बघत राहिले. मग शिकवणारीला सगळं सांगितलं.

ती रागावली नाही, त्यानेच मला जास्त लागलं. "छावणीत जाऊन आपल्यासमोर धार काढून नमुना घेऊ," एवढंच म्हणाली. आम्ही गेलो. म्हशीखाली ती बाई स्वतः बसली, मी कोरडी बाटली धरली. केंद्रावर तपासलं. दूध निर्भेळ निघालं. बंदी उठली. माझ्या कागदावर शेरा पडला: चूक स्वतःहून कळवली, उजळणी पंधरा दिवस वाढवावी. काम गेलं नाही म्हणून मला इतकं हायसं वाटलं की त्याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी ती बाई खिडकीवर आली. मी हात जोडले, माझी चूक झाली म्हणाले. अकरा वर्षं घरी होते म्हणून उजळणी चाललीय आणि ती आता पंधरा दिवस वाढलीय, हेही सांगितलं, मला शिक्षा झाली हे तिला कळावं म्हणून.

तिने कॅनचं झाकण काढता काढता माझ्याकडे बघितलं.

"तुमी लई वर्षं घरी व्हता, म्हनून तुमाला पंधरा दिस वाढवून दिले," ती म्हणाली. "म्या पुन्हा बघा म्हनलं, तवा तुमी मला एक मिनिट दिलं न्हाई."

मागे रांग थांबली होती. मी बाटलीत तिचं दूध घेतलं, बाटली विसळली, आणि ते दूध तिच्या डोळ्यांदेखत टाकून दिलं.