सोमवारची पाळी

आमच्या मेडशीकडच्या शिवारात सात भाजीवाल्यांची मिळून एक विहीर आहे आणि तिच्यावर एक टाकी. टाकीत एका दिवशी एकाचंच रान भिजेल एवढं पाणी. सात जण, सात वार. हिशोब सोपा होता, पण आपापसात वार बदलून घ्यायचे आणि मग टाकीपाशी दोघंही म्हणायचे, आज मीच. एकदा तर फावडी उगारली गेली. तेव्हा सगळ्यांनी ठरवलं की पहाटे पाचला मोबाईलच्या ग्रुपवर ज्याचं नाव येईल त्याचंच पाणी. व्हॉल्व्हवर जो माणूस ठेवला होता त्याला कडक ताकीद: नाव नाही तर व्हॉल्व्ह नाही.

नाव टाकायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी घरी ऑनलाइन फॉर्म भरून देते आणि कॉम्प्युटर शिकलेली सून म्हणून गावात माझी जरा मिजास आहे. रोज पहाटे उठून कोण टाकणार? मी लॅपटॉपवर छोटा प्रोग्राम लिहिला. पाच वाजले की तो वार बघायचा, त्या वाराचं नाव ग्रुपवर टाकायचा आणि एका फाईलमध्ये तशी ओळ लिहून ठेवायचा. झाकण मिटलं तरी लॅपटॉप झोपू नये अशी सेटिंग करून ठेवली. बॅटरी कधीच मेली होती, पण प्लग चोवीस तास लावलेला. दिवाळीच्या सुट्टीचे तीन आठवडे बिनतक्रार चाललं आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत राहिले.

सुट्टी संपली, मुलींची शाळा सुरू झाली आणि एका मंगळवारी सोमवारवाले काका अंगणात येऊन उभे राहिले. त्यांचं रान सगळ्यात शेवटी, उताराला. फुलकोबीची रोपं टाकली होती.

"सूनबाई, माह्या पाळीले नाव काहून आलं नाई?"

मी म्हटलं, नेट गेलं असेल काका. फाईल उघडायची तसदीही घेतली नाही. पुढच्या मंगळवारी ते पुन्हा आले, त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या वेळी बसले नाहीत, चहा नको म्हणाले.

"सोमवारी टाकी भरेल राह्यते, अन् मंगळवारी तुह्या देराले डबल पाणी भेटते. आमाले काय समजत नाई का?"

मंगळवार माझ्या दिराचा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आधी वाटलं, काकाच कांगावा करत असतील. मग व्हॉल्व्हवाल्यावर संशय आला, तो कोणाकडून तरी चहापाणी घेत असेल. त्याला विचारलं तर म्हणाला, "वयनी, नाव आलं अस्तं तं मी कायले थांबलो अस्तो?"

शेवटी फाईल उघडली. मंगळवार ते रविवार ओळी होत्या. तिन्ही सोमवार कोरे.

नेट गेलं असतं तर पाठवायचा प्रयत्न फसल्याची तरी ओळ असती. ओळच नाही म्हणजे प्रोग्राम चाललाच नव्हता, म्हणजे पाच वाजता लॅपटॉप बंद होता. मग आठवलं, सोमवारी दुपारी मी झाकण उघडायचे तेव्हा पडदा काळा असायचा. अपडेटनं बंद झाला असेल म्हणून मी बटण दाबायचे आणि फॉर्म भरायला लागायचे. लॅपटॉप चालू झाला तरी पाचची वेळ निघून गेलेली. प्रोग्रामला मागे काही राहिलं हे माहीतच नव्हतं. तो दुसऱ्या दिवशी मंगळवारचं नाव टाकून मोकळा.

बंद करतो कोण? फायदा कोणाचा? दिराचा. रविवारी संध्याकाळी चहाला कोण येतं? दीर. लॅपटॉपच्या टेबलाशेजारच्या खुर्चीत कोण बसतं? तोच. सांगायला लाज वाटते, पण ज्याला मी लहान भावासारखं जेवू घातलं त्याच्याकडे त्या आठवड्यात मी चोरासारखं बघत होते. त्याच्या पोह्यांत शेंगदाणेसुद्धा कमी टाकले.

रविवारी मी पाळतीवर बसले. नुसतं बसलं तर त्याला कळेल, म्हणून मुलींचे शाळेचे गणवेश इस्त्रीला काढले आणि टेबलाशीच उभी राहिले. तो आला, चहा प्याला, कापसाबद्दल बोलला. हात मांडीवरून हलले नाहीत. मी इस्त्री फिरवत होते आणि त्याच्या बोटांवरून नजर काढत नव्हते.

"वयनी, कॉलर जळून राह्यली ना!"

दचकून मी इस्त्रीचा प्लग ओढला. खोलीत त्या टेबलापाशी एकच बोर्ड आणि त्यात एकच जागा. जमिनीवर लॅपटॉपचा प्लग पडला होता, मीच थोड्या वेळापूर्वी काढलेला. दर रविवारी मीच काढत होते, शाळा सुरू झाल्यापासून. इस्त्री झाली की परत लावायचे, चार्जरचा हिरवा दिवा लागायचा, आणि झाकण मिटलेलं असल्यामुळे आत जीव आहे की नाही हे कोण बघतंय! वीज आली म्हणून लॅपटॉप आपोआप उठून बसत नाही.

दिराला काहीच सांगितलं नाही. त्याच्या हातावर दोन लाडू ठेवले, तो बिचारा चक्रावला.

मग बसून प्रोग्राम दुरुस्त केला. वेळ चुकली तर लॅपटॉप चालू होताच चालव, अशी सेटिंगमध्ये एक खूण असते, ती केली. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. सोमवारचं राहिलेलं काम मंगळवारी चाललं असतं तर त्यानं मंगळवारचंच नाव टाकलं असतं, कारण तो वार बघत होता. म्हणून वार काढून टाकला आणि क्रम ठेवला: शेवटची पाळी कोणाला दिली ते फाईलमध्ये, आणि नाव खरंच गेल्यावरच क्रम पुढे. तीन दिवस बंद राहिला तर तीन नावं एकदम टाकायची नाहीत, टाकी एकच आहे. आज नाव गेलेलं असेल तर कितीही वेळा चालू करा, दुसरं नाही. आणि अकराच्या पुढे उठला तर आज गप्प बसायचं, कारण उरलेल्या दिवसात रान भिजत नाही. तेच नाव उद्या पहाटे.

सगळं झालं आणि शेवटी फाईलमध्ये पहिली ओळ भरायची राहिली: शेवटची पाळी कोणाची? रविवारवाल्याचं नाव लिहिलं की क्रम सोमवारपासून सुरळीत. मागचे तीन सोमवार यंत्राच्या लेखी झालेच नाहीत. कोणाला काही कळलं नसतं. लॅपटॉप बिघडला होता, एवढं बोलले असते तरी खपलं असतं. रविवारवाल्याचं नाव लिहिलं, पण पहाटे टाकीवर जाऊन खरं सांगायचं ठरवलं. तिथं तोंड उघडेन याचा मला माझाच भरवसा वाटेना.

पहाटे पाचला काकांचं नाव आलं. मी टाकीवर गेले. सातही जण होते, कारण काका ग्रुप सोडणार अशी आवई उठली होती. सगळ्यांसमोर सांगितलं, प्लग मीच काढत होते, इस्त्रीसाठी. कोणी हसलं, कोणी खाली बघितलं. दीर म्हणाला, "उद्याची माही पाळी काकाले द्या. पुढच्या मंगळवारची बी घ्या लागली तं."

काका म्हणाले, "मले कोनाचं नाई पायजे. आज माहं नाव आलं, तेवढं बस."

व्हॉल्व्ह उघडला. मी त्यांच्यामागे उतारावर गेले. फुलकोबीच्या वाफ्यात वाळलेल्या काड्या होत्या, बोट लावलं तर मोडत होत्या. काका फावड्यानं बांध फोडून त्याच वाफ्यात पाणी घेत होते.

"काका, रोपं तं गेले," मी कशीबशी म्हटलं. "मंग पाणी कायले सोडून राह्यले?"

"पाळी माही हाय म्हून," ते म्हणाले, आणि वाफा काठोकाठ भरेपर्यंत त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.