चौदा तारखेचा शनिवार

केजच्या पतसंस्थेत सत्यशीला संगणकावर बसायची. पद 'ऑपरेटर', करार अकरा महिन्यांचा, आणि तो संपला की एक दिवस घरी बसून पुन्हा नवा. असं करत करत तिची पोरगी सातवीत गेली. मांजरसुंब्याजवळच्या वस्तीवर बापाच्या शेरडांमागं फिरलेली सत्यशीला लग्नानंतर तालुक्याला आली, नवऱ्याच्या टेम्पोवर घर चालेना म्हणून संगणकाचा कोर्स केला, आणि या खुर्चीत चिकटून बसली. गोड बोलण्याची कला मात्र तिला कधी साधली नाही. चेअरमनसाहेब आले की बाकीचे उठून उभे राहायचे आणि हिचं लक्ष पडद्यावर. अशा माणसाला कायम कोण करणार?

पण यंदा एक जागा कायम व्हायची होती, आणि बाकीच्या ऑपरेटरांच्या हजेरीवर सही त्या कायम माणसानंच करायची होती. मार्चमधल्या बैठकीत ठरणार होतं. दोघंच दावेदार होते, सत्यशीला आणि अंगद.

अंगद नांदूरघाटचा. त्याला इथं तिनंच आणलं होतं. माऊस धरायला तिनं शिकवलं, पहिल्या वर्षी त्याच्या चुका स्वतःच्या अंगावर घेतल्या. तो तिला आक्का म्हणायचा आणि दर राखीला घरी येऊन जेवून जायचा. जागा कुणाला का मिळेना, आपल्यातच राहील, असं ती नवऱ्याला सांगायची. नवरा टेम्पो पुसायला उठायचा. टेम्पोवाल्यांना माणसं कळतात, पण बायकोला सांगण्याची हिंमत सगळ्यांकडं नसते.

दिवाळीच्या सुमारास मॅनेजर बद्रीनाथसाहेबांनी तिला एक काम दिलं. बँकांसारखी पतसंस्थेलाही दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. सगळ्या शाखांच्या हजेरीत दर महिन्याला त्या सुट्ट्या हातानं भरायच्या आणि दर महिन्याला कुठं तरी घोळ व्हायचा. शीटनं आपलं आपण ओळखावं, असं साहेबांना हवं होतं. तारखेच्या घरात कुठलीही तारीख टाका, शेजारच्या घरात 'सुट्टी' उमटायला पाहिजे.

सत्यशीलानं ते केलं. आधी तारखेचा वार काढायचा. वाराला आकडा असतो, रविवार एक आणि शनिवार सात. सात आला तरच पुढं जायचं. मग तारीख बघायची. महिन्याचा पहिला शनिवार पहिल्या सात दिवसांतच येतो, त्यामुळं सातच्या पुढं दुसरा आणि एकवीसच्या पुढं चौथा. तिनं लिहिलं, सातपेक्षा जास्त आणि चौदापेक्षा कमी, किंवा एकवीसपेक्षा जास्त आणि अठ्ठावीसपेक्षा कमी. मागचे तीन महिने टाकून बघितले, बरोबर. डिसेंबर टाकला, बरोबर. साहेब खूश झाले, प्रत्येक शाखेला शीटची एक-एक प्रत गेली. कामाच्या दिवशी हजेरीचं घर रिकामं असेल तर शीटनं 'गैरहजर' धरायचं, असंही त्यांनी त्यालाच जोडून घेतलं आणि पगार तिथूनच निघू लागला.

खोट कुठं होती, ते सांगून टाकतो. चौदापेक्षा कमी, यात चौदा येत नाही. एरवी कुणाला पत्ता लागला नसता, कारण दुसरा शनिवार चौदाला तेव्हाच पडतो जेव्हा महिना रविवारी सुरू होतो. तिनं तपासलेल्यांतला एकही महिना तसा नव्हता. यंदाचा फेब्रुवारी मात्र रविवारी सुरू झाला. दुसरा शनिवार चौदाला, चौथा अठ्ठावीसला. दोन्ही दिवशी शाखा बंद, माणसं घरी, आणि शीटच्या लेखी दोन्ही कामाचे दिवस. सुट्टीला फाईल कोण उघडतो? मार्च उजाडला, पगार झाला आणि शिपायापासून शाखाधिकाऱ्यापर्यंत दोन-दोन दिवसांचा पगार कापला गेला.

मग काय विचारता. परळीच्या शाखेत चेअरमनसाहेबांचा भाचा, त्याचाही कापला होता. फोनवर फोन आले. बद्रीनाथसाहेबांनी सत्यशीलाला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, आणि त्या माणसानं दिवाळीत हिचंच कौतुक केलं होतं हे आपण विसरून जाऊ, कारण तेही विसरले होते. तिला चूक सापडेना. तेवढ्यात अंगद पुढं वाकला, म्हणाला, बघू आक्का, आणि दोन ठिकाणी 'कमी'चं 'कमी किंवा तेवढंच' केलं. दोन्ही शनिवारांपुढं 'सुट्टी' उमटली. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. आठवड्यानं बैठक झाली आणि जागा अंगदची झाली.

तिला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर राग नाही आला. चूक आपलीच, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. उलट भर ऑफिसात पोरानं आपली लाज राखली म्हणून तिनं त्याला पेढे नेऊन दिले. इतकं सरळ मन असणं बरं नव्हे, पण होतं.

मग एका दुपारी नांदूरघाट शाखेतल्या भामाबाई कागदांचं पाकीट घेऊन आल्या. शिपाई बाई, बसून पाणी प्यायल्या, पोरीची चौकशी केली. सत्यशीला म्हणाली, मावशी, तुमचाही पगार कापला ना माझ्यापायी, दुरुस्त करून देते.

"आमचा कावून कापंल?" भामाबाई म्हणाल्या. "आमचं बरोबर आलं की. अंगदनं नव्या सालाच्या तारखा भरताना जानेवारीतच बघितलं हुतं. चौदाचं कायतरी चुकतंय म्हणला. त्याची बायको आमच्या शाखेत हाय न्हवं, आमची शीट तवाच नीट करून दिली त्यानं. तुमाला सांगितलं न्हाई व्हय?"

सत्यशीलानं 'सांगितलं की' अशी मान हलवली. का हलवली, तिचं तिलाच कळलं नाही. भामाबाई गेल्यावर ती पडद्याकडं नुसती बघत राहिली. चूक तिची होती, ती तिला मान्य होती. पण त्यानं ती बघितली होती, आपल्या बायकोपुरती पुसली होती आणि बाकी सगळीकडं जपून ठेवली होती.

संध्याकाळी अंगद गाडी काढत होता तिथं ती गेली. तिनं आवाज चढवला नाही. जानेवारीतच माहीत होतं का, एवढंच विचारलं.

त्यानं खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही, एवढं त्याच्या पदरात टाकावं लागेल. चावी बोटात फिरवत राहिला. "आक्का, जागा एकच हुती," तो म्हणाला. "मी काय मुद्दाम चुकवलं न्हाई. चूक तर तुमचीच हुती."

"माझीच हुती," ती म्हणाली. "एक बोट लावून सांगितलं असतंस, 'आक्का, हितं बघा', तर मीच साहेबाला सांगितलं असतं, ही चूक अंगदनं काढली म्हणून. जागा तुलाच मिळाली असती, अंगद. जानेवारीपासून रोज माझ्या डब्यातली भाकर मोडून खाल्लीस. घास कसा उतरला रे तुझ्या गळ्याखाली?"

त्यानं गाडी चालू केली, पुन्हा बंद केली आणि खाली बघत उभा राहिला. मार्चही रविवारीच सुरू झालेला होता आणि दुसऱ्या दिवशी शनिवार होता, चौथा. ऑफिस बंद. तिला त्याचं तोंड बघावं लागणार नव्हतं. सोमवारपासून मात्र तो नव्या जागेवर बसणार होता आणि तिच्या हजेरीवर सही तोच करणार होता.