एक दिवसाची मुदत

माझ्या पीएचडीच्या मुलाखतीच्या दिवशी सकाळी माझ्या अडीच वर्षांच्या मुलीला तापात झटका आला.

आदल्या रात्री तिचं अंग थोडं कोमट लागत होतं. मी औषध दिलं, ती झोपली. सकाळी मी इस्त्री केलेली साडी नेसून केस विंचरत होते, तेवढ्यात पलंगावरून एक विचित्र आवाज आला. वळून पाहिलं तर तिचे डोळे वर गेले होते, हातपाय ताठ होऊन थडथडत होते. मी तिला कुशीवर वळवलं एवढं मला आठवतं. मग बहुधा मी ओरडले असणार, कारण समोरच्या घरातल्या काकू दारातून आत आल्या.

काकू तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. त्यांच्या कितीतरी पिढ्या तमिळ मुलखात गेलेल्या. त्यांचं मराठी तमिळच्या चालीवर वरखाली व्हायचं आणि मला पहिले काही महिने निम्मंच कळायचं. त्या दिवशी मात्र सगळं कळलं. "तोंडांत काही घालूं नको," त्या म्हणाल्या. "तसंच कुशीवर असूं दे. मी आटो आणतो." त्यांच्या घरी बायकाही 'आणतो, जातो' असंच बोलत.

मुलांचं हॉस्पिटल आमच्या अड्यारच्या घरापासून लांब नव्हतं. तिथे पोचेपर्यंत झटका थांबला होता, पण मुलगी गुंगीत होती आणि तापाने भाजत होती. तपासणीच्या टेबलावरच तिला दुसऱ्यांदा झटका आला. डॉक्टरांनी औषध टोचलं, हाताला सलाइन लावलं, रक्त घेतलं. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "लहान मुलांना तापात असं होतं. बहुतेक वेळा पुढे काही राहत नाही. पण दोनदा आला आहे, म्हणून आज दाखल करून लक्ष ठेवू."

तेव्हा कुठे मला मुलाखत आठवली.

माझा नवरा गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअर. त्या आठवड्यात तो होसूरला होता. मी हॉस्पिटलसमोरच्या एसटीडी बूथवरून त्याला फोन केला. तो लगेच बसने निघतो म्हणाला, पण यायला दुपार उलटणार होती. मग म्हणाला, "मुलाखतीचं काय?"

"पुढे ढकलता येते का विचारते."

"विचार. पण मुलीचं सांगू नकोस. तुलाच ताप आला म्हण. मूल आजारी म्हटलं की त्यांच्या मनात पहिल्यांदा काय येईल, तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. लग्नानंतर माझ्या अभ्यासात चार-पाच वर्षांचा खंड पडला होता. अर्जात तो खंड उघडा दिसत होता. तरी मी म्हटलं, "कागद मुलीच्या नावाचा मिळणार आहे. खोटं कुठून आणू?" तो म्हणाला, "बरोबर आहे. खरंच सांग."

दुसरा फोन संस्थेत, विभागाच्या कार्यालयात लावला. शहराच्या दक्षिणेकडच्या एका मोठ्या तंत्रज्ञान संस्थेत ही मुलाखत होती. तिथल्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. त्यांचा आवाज कोरडा होता, पण त्यांनी सांगितलं ते कामाचं होतं. "फोनवर काही होत नाही. समन्वयकांच्या नावे लेखी अर्ज, सोबत हॉस्पिटलचं पत्र. तुमच्या विषयाच्या मुलाखती आजच आहेत. उद्या दुसऱ्या विषयाच्या. आजची बैठक उठायच्या आत अर्ज आला तर ते ठरवतील. उठल्यावर गुणांची यादी बंद होते, मग कुणाच्याच हातात नाही."

"फॅक्स चालेल?"

"चालेल. पण आज तो कोण वाचणार? सगळे आत बसले आहेत."

वॉर्डात परतले तेव्हा मुलगी शांत झोपली होती. डॉक्टरांना मी खरी अडचण सांगितली. त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं, की अमुक नावाचं मूल आज सकाळी तापातल्या झटक्यांमुळे दाखल झालं आहे, निदान उद्या सकाळपर्यंत ते निरीक्षणाखाली राहील आणि आईने सोबत असणं आवश्यक आहे. खाली सही आणि शिक्का. "आता ती तास-दोन तास झोपेल," ते म्हणाले. "जायचं असेल तर आत्ता जा."

माझा पाय निघेना. काकू खुर्ची पलंगाशी ओढून बसल्या. "जा की. ती उठली तर मी आहे. मला ती ओळखत्ये."

रिक्षात मांडीवर अर्ज लिहून विभागात पोचले तेव्हा दुपारच्या जेवणाची सुट्टी व्हायच्या बेतात होती. बाहेरच्या बाकांवर माझ्याहून लहान मुलंमुली फायली मांडीवर घेऊन बसली होती. माझी साडी चुरगळलेली, पदरावर औषधाचा डाग. कार्यालयातल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता अर्ज आत नेला. थोड्या वेळाने समन्वयक प्राध्यापक स्वतः बाहेर आले. उंच, करड्या केसांचे गृहस्थ. अर्ज त्यांच्या हातात होता.

"मुलगी कशी आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"झोपली आहे. धोका नाही म्हणतात."

"छान. मग आता तुम्ही आलाच आहात. जेवणाआधी तुम्हाला घेतो. वीस मिनिटांचा प्रश्न आहे. बाहेरगावचे तज्ज्ञही आज इथे आहेत."

हे मी धरलंच नव्हतं. नाही म्हणतील, किंवा हो म्हणतील, एवढाच विचार मी वाटेत केला होता. दार उघडं होतं. आत टेबलाभोवती बसलेली माणसं दिसत होती. वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही. पण त्याच क्षणी मी मनात माझ्या विषयातलं, विहिरीतल्या खाऱ्या पाण्याचं साधं समीकरण मांडून पाहिलं आणि मला त्याचा एक भागही आठवला नाही. डोळ्यांसमोर फक्त तिचे ताठ झालेले पाय.

"सर, मी आज मुलाखत देऊ शकत नाही," मी म्हटलं. "मी फक्त अर्ज द्यायला आले. उद्या वेळ मिळाली तर मी येईन."

त्यांच्या कपाळावर आठी पडली. "तुम्ही इथे उभ्या आहात आणि देऊ शकत नाही म्हणता. समितीला मी काय सांगू?"

"अर्जात आहे तेच सांगा. मी इथे आहे, पण माझं लक्ष इथे नाही. आज मला विचारलंत तर तुम्हाला माझं चुकीचं माप मिळेल."

ते अर्ज घेऊन आत गेले. दार लोटलेलं राहिलं, त्यामुळे बोलणं ऐकू येत होतं. कुणीतरी म्हणालं, उद्याच्या समितीत या विषयाचं कुणीच नाही, मग गुण कोण देणार. मग एका बाईचा आवाज आला, "मी येईन की उद्या. मला काय, खालच्या मजल्यावरून तर यायचं." बाहेरगावचे तज्ज्ञ म्हणाले, त्यांची गाडी उद्या रात्रीची आहे, तेही थांबतील. मग थोडा वेळ कागदांचा आवाज.

समन्वयक बाहेर आले. "विभागप्रमुखांची मंजुरी घेतो. उद्या दुपारी, सगळ्यांत शेवटी. यानंतर बदल नाही. उद्या काहीही झालं तरी तुमची जागा आम्ही धरून ठेवू शकणार नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. त्यांनी ते अर्जाच्या कोपऱ्यात लिहिलं, खाली माझी सही घेतली.

मी जिना धावत उतरले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मी नाही म्हटलं होतं आणि तरीही दार बंद झालं नव्हतं.

त्या दुपारी मुलगी उठली आणि तिने बिस्किट मागितलं. संध्याकाळच्या आत नवरा पोचला. रात्र तिच्या पलंगाशी गेली. ताप उतरत होता, आणि मी मांडीवर वही ठेवून एकेक समीकरण पुन्हा मांडत होते. आता ती आपोआप येत होती. सकाळी डॉक्टरांनी तपासून घरी न्यायला सांगितलं. बापलेक आणि सकाळीच पुन्हा आलेल्या काकू रिक्षात बसून घरी गेले, मी तिथूनच उलट्या दिशेला.

मुलाखतीची सुरुवात सोपी झाली. समुद्रकाठच्या विहिरी हा माझा विषय. मी त्यांना आमच्या शहराजवळच्या कोवलम या कोळ्यांच्या गावाचं सांगितलं. तिथल्या कोळणी लाटांपासून थोड्याच अंतरावर वाळूत उथळ खड्डा करून गोडं पाणी काढतात, आणि थोडं खोल गेलं की तेच पाणी खारं होतं, हे मी एका रविवारी फिरायला गेले असताना पाहिलं होतं. तज्ज्ञांनी लगेच पकडलं. "का?"

"गोडं पाणी हलकं. ते खाऱ्यावर तरंगतं."

"समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल, तर खाली किती?"

"साधारण चाळीस मीटर. वरचं अर्धा मीटर उपसलंत तर खालून वीस मीटर जातं." मी खडू घेतला आणि फळ्यावर आकृती काढली. ते मध्येमध्ये अडवत राहिले, मी उत्तरं देत राहिले. एका प्रश्नाला मी सरळ "माहीत नाही, पण शोधायचं झालं तर असं शोधीन" म्हणाले, आणि कसं ते सांगितलं. आदल्या दिवशी ज्यांचा आवाज ऐकला होता त्या बाई गालात हसत लिहीत होत्या.

शेवटी तज्ज्ञांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एक विचारतो. हे काम चार-पाच वर्षांचं आहे. मूल लहान आहे. काल जे झालं ते पुन्हा होईल. तेव्हा?"

नवरा ज्याला घाबरत होता तोच हा प्रश्न होता.

"होईल," मी म्हटलं. "तेव्हा मी पुन्हा अर्ज करीन, आणि त्या दिवसाचं काम दुसऱ्या दिवशी करीन. काल केलं तसं."

समन्वयक पहिल्यांदा हसले. "आज तरी केलं आहे," ते म्हणाले आणि त्यांनी फाईल मिटली.

निकाल काही आठवड्यांनी फलकावर लागला. संस्थेच्या संकेतस्थळावरही येणार होता, पण मला तेवढा धीर नव्हता. मुलीला कडेवर घेऊन मी विभागात गेले. यादीत आमच्या विषयाची तीन नावं होती. माझं पहिलं.

मी ते दोनदा वाचलं. मग मुलीचं बोट धरून त्या नावावर ठेवलं. तिला वाटलं, मी तिला कागदावरची माशी दाखवत आहे. ती माशी शोधत राहिली.

घरी आलो तर काकू दारातच उभ्या होत्या. मी सांगितलं. त्या आत गेल्या आणि साजूक तुपाच्या शिऱ्याची वाटी घेऊन आल्या. त्या त्याला केसरी म्हणत. शिरा अजून वाफाळत होता. म्हणजे त्यांनी तो निकाल कळायच्या आधीच करायला घेतला होता.

"आणि नाव नसतं तर?" मी विचारलं.

"तर काय? पोरगी बरी आहे, त्याचा केसरी," त्या म्हणाल्या, आणि पहिला घास माझ्या मुलीच्या तोंडात घातला.

जुलैत मी रुजू झाले. पहिल्या दिवशी विभागाच्या कार्यालयातल्या त्या बाईंनी मला टेबल आणि किल्ली दिली. ते खिडकीजवळचं टेबल होतं. मी पुस्तकं लावली, शेजारच्या भिंतीवरच्या फळ्याची धूळ पुसली आणि कामाला बसले.