दुःखद निधन : कामिनी...

मुग्धा देशकर आणि कामिनी यांचं पटत नसे, हे धरमपेठेतल्या त्या ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. कंपनी शीतगृहांची यंत्रं विकायची. काटोलचे ग्राहक मुग्धाकडून काढून कामिनीला दिले, तेव्हापासून दोघी कामापुरतंच बोलत, तेही तोंड फिरवून.

कामिनीचे वडील वारले. ऑफिसला आणि तिच्या ग्राहकांना कळवायचं काम साहेबांनी, ऋषीनं, मुग्धावर टाकलं. तिनं घाईत मेलचा विषय लिहिला : ‘दुःखद निधन : कामिनी यांचे वडील दादाजी’. आत पहिलंच वाक्य : ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की...’. कामिनीचा पत्ताही यादीत राहिला.

मोबाइलवर विषयाची ओळ अर्धीच दिसते. लोकांना दिसलं, ‘दुःखद निधन : कामिनी...’. मेल न उघडताच काटोलच्या शालिकरामजींनी सगळ्यांना उत्तर पाठवलं : ‘कामिनी मॅडमना भावपूर्ण श्रद्धांजली’. त्यापाठोपाठ आणखी तिघांनी.

संध्याकाळी कामिनीचा फोन आला.

“माह्या आईच्या हातात मोबाइल होता,” ती ओरडली. “मी समोर बसून राहिली अन् ती माही श्रद्धांजली वाचून राहिली! काहून केलं वं असं? माही जागाच पाहिजे होती ना तुले?”

“मुद्दाम नाही केलं.”

“तू सगळं पाहूनच करते!”

फोन बंद झाला. ऋषीनं तेवढ्यात फर्मावलं, “दुरुस्तीचा मेल टाक. अन् तिलेही एक सांत्वनाचा, माफीसकट.”

दुरुस्ती लगेच गेली : ‘दादाजींचे निधन, कामिनी सुखरूप आहेत’. दुसऱ्या मेलशी मुग्धा अडली. ‘माफ कर’नं सुरुवात केली, तर बाप तिचा गेलेला आणि रडगाणं आपलं. तिनं ते खोडलं. ‘तुझं दुःख मी समजू शकते’ लिहिलं, तेही खोडलं. कामिनी हसली असती, तेही वाईट हसू. शेवटी विषय ठेवला ‘दादाजींबद्दल’ आणि पहिलं वाक्य लिहिलं : ‘हुडकेश्वरला तुझ्या गृहप्रवेशात मी कोपऱ्यात उभी होते, तेव्हा दादाजींनी हाताला धरून मला पंगतीत बसवलं.’ माफी वेगळ्या मेलमध्ये मागितली. विषय, ‘माझ्या मेलमधली चूक’.

“दोन कशाले?” ऋषी चिडला.

“एकात दोन्ही मावत नाही,” ती तेवढ्याच रागानं म्हणाली.

कामिनीनं कशालाच उत्तर दिलं नाही. तेरवी आटोपून ती कामावर आली आणि सगळ्यांसमोर मुग्धाच्या टेबलाशी उभी राहिली.

“पंगतीचं आईले वाचून दाखवलं. ती रडली.” मुग्धा काही बोलणार, तोच तिनं हात वर केला. “तुले माफ नाही केलं मी. ध्यानात ठेव.”

मुग्धानं मान हलवली. त्यानंतरही दोघी कामापुरतंच बोलत राहिल्या.