वानर खाकरलं की गाडी थांबते

मी मोहर्लीच्या गेटवर गाईड आहे. जंगलात मोबाईल नेता येत नाई, गेटवरच जमा करावा लागते. बाबा गेले तेव्हा मी पाहुण्यांना वाघीण दाखवून राह्यलो होतो. खुशीत बाहेर आलो, फोन हातात घेतला, तर घरचे कितीतरी मिस कॉल.

महिन्याभरानं ध्यानाच्या शिबिराला गेलो. खरंच बरं वाटलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, श्वास पाहा, अन् मनात जे येईल तेही पाहा. पहिलं मी पकडलं, दुसरं सोयीनं विसरलो. बाबांचा खोकला आठवून छाती आवळली की मी धूम पळालोच नाकाच्या शेंड्यावर. तिथी श्वास गार गार वाटे.

अर्ध्या तासाचे दोन तास झाले. मायनं बाबांचं नाव काढलं की माझी बसायची वेळ झालीच समजा. ती रडली तर मी हसऱ्या तोंडानं तिले सांगे, येणारा जाणारच, धरून काऊन ठेवते. लय पोहोचलेला माणूस झालो होतो मी! फक्त उठल्यावर जबडा दुखे, अन् ड्रायव्हरले पाच मिनिटं उशीर झाला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असे. सारी शांती सतरंजीवरच राहून जाय.

एका सकाळी मायनं थैली भरली. सिंदेवाहीला माझ्या बहिणीकडे राहायले निघाली, कायमची. इथी बाबांबद्दल बोलायले कोणी नाई, म्हणाली. आता मी काय करावं? सतरंजी अंथरली. म्हटलं, समभावानं पाहू.

बायकोनं ती माझ्याखालून खस्सकन ओढली.

"जंगलात वाघाच्या चाहुलीनं वानर खाकरलं तर गाडी बंद करून कान देता. घरी माय रडून राह्यली, तर डोळे मिटता?"

असा राग आला म्हणता! छाती आवळली. पण यावेळी नाकाकडे पळालो नाई, तिथीच थांबलो. रागाखाली लाज निघाली, अन् लाजेखाली बाबा. उठून मायजवळ जाऊन बसलो.

"मी वाघ दाखवून राह्यलो होतो गं माय," एवढं बोललो अन् जे भोकाड पसरलं, अंगणातल्या कोंबड्या पळाल्या.

माय माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "त्यांनी विचारलं होतं, पोरगा कुठी आहे. मी सांगितलं, जंगलात. तं म्हणाले, दिसला का वाघ त्याले?"

इतके महिने हे तिच्याजवळ होतं अन् मी ऐकायले जागेवर नव्हतो. रडता रडता हसू आलं. हो दिसला, म्हटलं, अन् त्या वाघिणीची सारी गोष्ट मायले सांगितली.

थैली परत खुंटीवर गेली. ध्यान मी आताही करतो, अर्धा तास. मधेच मायले बाबांचं काही आठवलं तर ती हाक मारते, अन् मी उठतो.