जसं होतं तसं

सुनंदाबाई महाले गेल्या हिवाळ्यात वारल्या. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या त्यांच्या घरापुढे माणसं जमली तेव्हा निम्मी गर्दी धुळ्याहून आलेली होती, आणि त्यातले बरेच जण कधी ना कधी बाईंशी कडाकडा भांडलेले होते. मी त्यांच्यात पहिला. मी विम्याचा सर्व्हेअर. कंपनी नेमते तेव्हा नुकसान बघायचं, मोजायचं, अहवाल द्यायचा, एवढंच माझं काम. बाई एजंट. एजंटाने पॉलिसी विकावी, मिठाई खावी आणि नुकसान झालं की फोन उचलू नये, असा आमच्याकडचा रिवाज. बाईंना तो कधी जमलाच नाही. नुकसानीच्या जागी त्या माझ्याआधी हजर असायच्या, आणि मग माझा दिवस वाईट जायचा.

नवरा लवकर वारल्यावर त्यांनी हे काम धरलं. स्कूटर शिकल्या, परीक्षा दिली, आणि जळगावात दुकानादुकानांतून हिंडू लागल्या. पुढे धुळ्यातही गिऱ्हाइकं झाली, तेव्हा दर आठवड्याला एसटीने तिकडे जायच्या. बोलणं तिखट. कुणी विमा उतरवताना घराची किंमत कमी सांगितली की म्हणायच्या, "निम्म्या घराला आग लावून दाखवा, मग निम्म्याचा विमा देते."

मोईजभाईंशी त्यांची गाठ पडली ती अशाच एका भांडणातून. धुळ्याच्या जुन्या भागात, पांझरा नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत मोईजभाईंचं तीन मजली घर. खाली दोरखंडांचं आणि रंगांचं दुकान, वर राहणं. पुढची सगळी बाजू सागवानी, सज्ज्याला खालून तोलणारे कोरीव ब्रॅकेट, आणि एकावरची नक्षी दुसऱ्यावर नाही. कुठे मोर, कुठे द्राक्षांचा वेल, कुठे नुसती पानं. महापालिकेच्या वारसा यादीत घर आलं तेव्हा मोईजभाई खूश झाले होते. नंतर कळलं, की आता पुढच्या बाजूचा खिळाही वारसा समितीला विचारल्याशिवाय उपटता येत नाही. मग खुशी ओसरली.

विम्यासाठी त्यांनी सरकारी दराने काढलेली किंमत पुढे केली. बाईंनी कागद बाजूला सारला.

"भाई, यात जमीन धरलीय. जमीन जळत नाही, वाहूनही जात नाही. घर पडलं तर पुन्हा उभं करायला काय लागेल, ते सांगा."

"स्लॅबचा जो दर चालतो तो लावा की!"

"स्लॅब टाकू देईल का तुमची समिती? तुम्हाला जसं होतं तसंच बांधावं लागेल. सागवान, चुना, कोरीव काम. त्याचा दर स्लॅबचा नाही."

बाई स्वस्थ बसणाऱ्या नव्हत्या. जुन्या इमारतींचं काम करणारा एक आर्किटेक्ट त्यांनी नाशिकहून आणला. चुन्याचा गिलावा करणारा गवंडी गाठला. फैजपूरकडचे पुना मिस्त्री लाकूड कोरायचे, त्यांना गाडीत घालून आणलं. सगळ्यांनी मिळून पुनर्बांधणीचा आकडा काढला तो सरकारी किमतीच्या कितीतरी वर गेला. मोईजभाईंचा धाकटा भाऊ अरशद म्हणाला, "बाईंना कमिशन वाढवून पाहिजे." बाईंनी त्याला सरळ विचारलं, तुला किती पाहिजे? हप्ता वाढला तो फारसा नव्हता, पण मोईजभाईंनी तो कडू औषध प्यावं तसा भरला. लाकडी बांधणी आहे हे बाईंनी कंपनीला स्वतःहून सांगितलं. दुकानातलं टर्पेंटाइन हलवायला लावलं, तुळयांवरून लोंबणाऱ्या जुन्या वायरी बदलायला लावल्या. आगीची भीती त्यांना जास्त होती. लाकडाचं घर, जुन्या वायरी आणि खाली रंगाचे डबे, म्हटल्यावर कुणालाही असती.

आलं मात्र पाणी. त्या साली नदीच्या वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला, पांझरा फुगली आणि गल्लीत शिरली. दुकान छातीभर बुडालं. वाहत आलेला एक ओंडका पुढच्या बाजूला आदळत राहिला, सज्ज्याचा एक कोपरा खाली आला. माणसं वरच्या मजल्यावर होती म्हणून वाचली.

पाणी ओसरल्यावर त्या गल्लीची एक पद्धत आहे. एकेक घर धरायचं आणि सगळ्यांनी मिळून ते साफ करून द्यायचं. हिंदू-मुसलमान काही बघायचं नाही. मोईजभाईंचं घर मोठं, शिवाय त्यांच्या मुलीचं, जीनतचं लग्न तोंडावर आलेलं, म्हणून पहिला मान त्यांना. तासाभरात चिखल बाहेर निघाला. चिखलाबरोबर दाराची चौकट, तुटलेल्या फळ्या, निखळलेले ब्रॅकेट, भिंतीवरून सुटलेला चुना, सगळं बाहेर आलं. काही लाकूड उन्हात रस्त्यावर पसरलं, काही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पडलं. अरशदने सिमेंटच्या गोण्याही मागवून ठेवल्या होत्या.

रस्ता सुरू होताच बाई पहिल्या एसटीने आल्या. ट्रॉली नुकती वळत होती. त्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. नवल नावाचा ट्रॅक्टरवाला वैतागला, त्याच्या लेखी तो सगळा कचराच होता. "बाई, सरका ना. बठ्ठा कचरा शे हाई."

"कचरा नई शे भाऊ," बाई म्हणाल्या, "हाई मोईजभाईनं घर शे."

गल्ली थांबली. मोईजभाईंना राग आला, कारण माणसं आपल्यासाठी राबत होती आणि ही बाई त्यांना आडवी आली होती. पण बाईंनी ट्रॉली खाली करायला लावली. रस्त्यावरचं लाकूड मोईजभाईंच्या बायकोच्या, नाजमीनच्या मदतीने मागच्या पडवीत सावलीला नेलं आणि ओल्या गोणपाटाखाली झाकलं, कारण भिजलेलं सागवान उन्हात सुकवलं तर फाटतं. सिमेंट परत पाठवलं. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट मारलं की आत ओल कोंडते, आणि समितीही ते ठेवू देत नाही. मग त्यांनी मला फोन केला. "हितेंद्रभाऊ, लवकर या. मी कुणाला काही हलवू देत नाहीये आणि लोक मला शिव्या देतायत."

मी गेलो तेव्हा मागच्या पडवीत लाकडं ओळीने मांडलेली होती. मी आयुष्यात पुष्कळ पूर पाहिले. बहुतेक ठिकाणी मी पोचेपर्यंत घर धुऊन चकचकीत असतं आणि मालक म्हणतो, इथे असं होतं, तिथे तसं होतं. मी काय लिहायचं? इथे मला काय होतं ते हाताने चाचपता आलं. नमुना असला की मिस्त्रीला तसंच कोरता येतं, आणि तसंच कोरण्याचा खर्च मला मान्य करता येतो. नमुना नसला की कंपनी प्लायवूडची गोष्ट काढते. विमा रक्कमही मी तपासली. पुनर्बांधणीच्या खर्चाला ती पुरेपूर होती, म्हणून कापाकापी करायचं कारण उरलं नाही. त्याच गल्लीतल्या दुसऱ्या एका जुन्या घराचा विमा निम्म्याच किमतीचा निघाला. त्यांचं नुकसान मी पूर्ण मोजलं आणि पॉलिसीच्या अटीप्रमाणे निम्मंच मंजूर केलं. तो माणूस माझ्यापुढे रडला. अशा वेळी मला माझ्या धंद्याची चीड येते.

मोईजभाईंचं काम मात्र रखडलं. समितीची परवानगी लवकर येईना. पॉलिसीच्या अटीप्रमाणे काम वर्षात पुरं झालं नाही, तर घराच्या जुनेपणाचा घसारा कापून जी किंमत उरेल तेवढीच मिळते. बाईंनी मुदत संपायच्या आधीच कंपनीकडून लेखी वाढवून घेतली. जीनतचं लग्न दुसरीकडे मंडप घालून झालं. मोईजभाई त्या दिवशी आपल्या मोडक्या घराकडे बघून रडले, आणि मग बाईंवरच चिडले. बाईंनी ऐकून घेतलं.

पुना मिस्त्री आले आणि महिनोन् महिने पडवीत बसून कोरत राहिले. चौकट झाली, मोर झाला, वेल झाला. शेवटी एक ब्रॅकेट उरला. कोपऱ्यातला. त्याचं लाकूडच सापडत नव्हतं. बाईंनी ट्रॉली अडवण्याच्या आधीच ते कुठेतरी गेलं होतं. घराच्या जुन्या फोटोंत तो सज्ज्याच्या सावलीत काळाकुट्ट दिसायचा. मोईजभाईंना त्याच्यावर काय होतं ते आठवेना. जन्म त्या घरात गेला, रोज त्याच्याखालून गेले, आणि आठवेना. हे त्यांना फार लागलं.

अरशद म्हणाला, "मिस्त्री काहीतरी फूल कोरतील. बिल लावू. कंपनीला काय कळतंय?" मी समोर बसलो होतो, हे तो विसरला असावा.

बाई म्हणाल्या, "नाही. जे माहीत नाही ते कोरायचं नाही. तिथे साधं लाकूड बसवा, साध्या लाकडाचेच पैसे घ्या. घराला खोटा दात लावू नका."

"तुम्ही कुणाच्या बाजूच्या आहात?" मोईजभाई ओरडले.

"घराच्या," बाई म्हणाल्या आणि उठून गेल्या. नंतर कित्येक दिवस दोघे बोलत नव्हते. मोईजभाई एकटेच तो ब्रॅकेट शोधत राहिले. भंगारवाल्याकडे गेले, नदीच्या काठाने हिंडले, खालच्या वस्तीत घरोघर विचारलं.

कामाची शेवटची पाहणी करायला मी गेलो त्या दिवशी बाईही आल्या होत्या. साधा ब्रॅकेट बसवून झाला होता. आम्ही खाली उभे राहून वर बघत होतो. समोरच्या घरातल्या झुंबरबाई ओट्यावर आली. भाजी विकून एकटीच पोट भरणारी म्हातारी, पुरात तिचं होतं नव्हतं ते सगळं गेलं होतं. तिने ते साधं लाकूड बघितलं आणि हसली.

"मोईजभाऊ, तठलंच लाकूड व्हतं ना ते? पूर उना त्या दिन गॅसनी टाकी वाही गई व्हती. मंग सफाईना दिन कोणीतरी ते मन्हा ओटावर टाकं. म्या फोडं आन् चूल पेटाडी. तेल पेल्हं सागवान, काय धरी आग! बठ्ठास्ले चहा पुरना."

ती मोठ्या समाधानाने सांगत होती. पुरात सगळं गेलेल्या म्हातारीने त्या दिवशी राबणाऱ्या सगळ्या गल्लीला चहा पाजला होता, आणि ते तिच्या लक्षात होतं. अरशदने तोंड उघडलं. बाईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला. मोईजभाईंचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल आणि म्हातारी जन्मभर विसरणार नाही.

मोईजभाई ओट्याजवळ गेले. "चहा चांगला झाला होता, अक्का," ते म्हणाले. "मी दोन कप घेतले होते."